भांड्यावर नाव घालणारा लेझर आणि डोळ्याचा पडदा

स्टीलच्या भांड्यावर नाव घालून देण्याचा धंदा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. लग्नसराईत थाळ्या, तांबे, डबे यांची थप्पी दुकानासमोर लागते आणि कारागीर हातातल्या घरघरणाऱ्या सुईने एकेक नाव कोरत बसतो. त्या सुईची जागा आता बऱ्याच दुकानांत फायबर लेझरच्या मार्किंग मशीनने घेतली आहे. नाव संगणकावर टाईप करायचे, थाळी मशीनखाली ठेवायची, पायाचे पेडल दाबायचे, आणि पाच-सात सेकंदांत अक्षरे उमटतात. पितळी कुलपे, चाव्या, बेअरिंग, हत्यारे, घड्याळाच्या केसेस, एवढेच नव्हे तर सोन्याच्या दागिन्यांवर १ जुलै २०२१ पासून सुरू झालेला सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांकसुद्धा याच जातीच्या मशीनने उमटवला जातो. शागीर्द ते दोन दिवसांत शिकतो.

शिकवणारा मात्र त्याला एक गोष्ट क्वचितच सांगतो. मशीनच्या मागच्या बाजूला पिवळ्या त्रिकोणाखाली एक पट्टी असते आणि तिच्यावर वर्गाचा आकडा छापलेला असतो. बहुतेक उघड्या मशीनवर तो ४ असतो. आम्ही अशा काही दुकानांत जाऊन विचारले, तेव्हा या चारचा अर्थ कोणी ‘चौथे मॉडेल’ असा सांगितला, कोणी ‘चांगली क्वालिटी’ असा. खरा अर्थ वेगळाच आहे, आणि तो कळला की मशीन कोठे ठेवायचे, खोलीत कोण बसायचे आणि कोणता चष्मा घालायचा हे सगळे आपोआप ठरत जाते.

लेझरचे वर्ग इंद्रियाला होणाऱ्या इजेवरून पाडलेले आहेत. आपल्याकडे भारतीय मानक आय.एस. १४६२४ मध्ये जी वाटणी आहे, तीच आंतरराष्ट्रीय मानकातही आहे. वर्ग १ म्हणजे नीट वापरले तर इजा होऊ न शकणारे यंत्र, मग आत कितीही दांडगा लेझर असो, तो डब्यात बंद आहे असे समजायचे. वर्ग २ म्हणजे दिसणाऱ्या रंगाचा, एक मिलिवॉटपर्यंतचा किरण. दुकानातला बारकोड वाचणारा दिवा बहुधा या दोन वर्गांतला असतो. वर्ग २ चा किरण डोळ्यावर पडला तर पाव सेकंदात पापणी मिटते किंवा मान फिरते, आणि तेवढ्यात नुकसान होत नाही. ३आर मध्ये धोका थोडा आहे. ३बी मध्ये सरळ किरण किंवा आरशासारख्या पृष्ठावरून परतलेला किरण डोळा जखमी करतो. त्याची वरची हद्द अर्धा वॉट. त्याच्या पलीकडे जे काही आहे ते वर्ग ४, आणि त्याला वरची हद्दच नाही. अर्ध्या वॉटपासून हजारो वॉटपर्यंत सगळे याच एका खान्यात बसते. वर्ग ४ चा किरण कातडी भाजतो, कपडा-कागद पेटवू शकतो, आणि खडबडीत पृष्ठावरून पसरून आलेला उजेडही डोळ्याला बाधू शकतो.

नाव घालणारे साधे मशीन वीस वॉटचे असते. म्हणजे वर्ग ४ च्या उंबरठ्याच्या चाळीस पट.

लाल ठिपका म्हणजे लेझर नव्हे

एका दुकानातल्या तरुण कारागिराला आम्ही चष्म्याबद्दल विचारले. तो हसून म्हणाला, “किरण कुठे पडतोय ते दिसतंच की आम्हाला, लाल ठिपका असतो ना. त्याच्यात आम्ही बघतच नाही.” हाच समज सगळीकडे आढळतो, आणि सगळ्यांत घातक तोच आहे. तो लाल ठिपका किंवा लाल चौकट म्हणजे नेम धरण्यासाठी बसवलेला वेगळा, किरकोळ दिवा. खरे काम करणाऱ्या किरणाची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर असते आणि माणसाचा डोळा साधारण ७०० च्या पुढचे पाहू शकत नाही. काम चालू असताना जो पांढरा चकचकाट दिसतो, तो धातूची वाफ तापून झालेला उजेड. किरण स्वतः कधीच दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि वर्ग २ मध्ये जो पाव सेकंदाचा बचाव होता तो येथे मिळतच नाही.

दिसत नसला तरी हा किरण डोळ्यात शिरतो मात्र पूर्णपणे. ४०० ते १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश बुबुळापुढचे पारदर्शक पटल आणि आतले भिंग पार करून थेट मागच्या पडद्यावर पोचतो. भिंगाचे कामच प्रकाश एका बिंदूवर आणणे. सात मिलिमीटरच्या बाहुलीतून आत गेलेला किरण पडद्यावर केसापेक्षाही बारीक ठिपक्यात गोळा होतो आणि त्या ठिकाणी त्याची तीव्रता सुमारे लाख पटीने वाढते. उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ मुले खेळतात, तोच हा प्रकार, फक्त कागदाच्या जागी पडदा. त्यात एक वाईट योगायोग असा की कारागीर ज्या जागेकडे टक लावून बघतो, तेथूनच किरण उसळतो. म्हणजे त्याच्या डोळ्याने नेम आधीच धरलेला असतो, आणि इजा होते ती पडद्याच्या मधोमध, जेथे अक्षर वाचण्याची, सुईत दोरा ओवण्याची नजर असते.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. वीस वॉटचे मशीन सेकंदाला वीस हजार ठोके देते असे धरले, तर एका ठोक्यात एक मिलिज्यूल, म्हणजे एक हजार मायक्रोज्यूल ऊर्जा येते. इतक्या अल्पकाळाच्या एका ठोक्यासाठी बाहुलीतून आत जाण्याची सुरक्षित मर्यादा एक-दोन मायक्रोज्यूलच्या आसपास आहे. हजारांतला एखादा हिस्सा डोळ्यात गेला की मर्यादा गाठली.

थाळी गुळगुळीत, चकचकीत स्टीलची आहे. पडलेल्या किरणाचा अर्ध्याहून अधिक भाग ती परत फेकते. आपण अर्धाच धरू, पाचशे मायक्रोज्यूल. मशीनच्या पुढचे भिंग किरण १६० मिलिमीटरवर गोळा करते, आणि भिंगापाशी किरणाची जाडी साधारण एक सेंटिमीटर असते. म्हणून थाळीवरून उसळल्यावर तो दर १६ सेंटिमीटरला एक सेंटिमीटर या हिशेबाने फाकत जातो. एक मीटरवर त्याचे वर्तुळ सुमारे सहा सेंटिमीटरचे होते आणि सात मिलिमीटरच्या बाहुलीत त्याचा ऐंशीवा भाग मावतो. पाचशेचा ऐंशीवा भाग म्हणजे सहा मायक्रोज्यूल. एकाच ठोक्यात मर्यादेच्या तिप्पट ते सहापट. अडीच मीटरवर, म्हणजे आठ फुटांवर, तो एक मायक्रोज्यूलवर येतो. पण ठोका एकच पडत नाही, सेकंदाला हजारो पडतात, आणि अशा माऱ्यासाठी मर्यादा आणखी खाली उतरते. दहा बाय बाराच्या दुकानात मग सुरक्षित कोपरा उरत नाही. बिल फाडणारा, चहा घेऊन आलेला पोऱ्या, समोर उभे असलेले गिऱ्हाईक, सगळे त्या वर्तुळात आले.

कोणी म्हणेल, किरण वरून खाली येतो, मग तो परत वरच जाईल. थाळी सपाट ठेवली आणि तळावर नाव घातले तर हे बरेचसे खरे आहे. पण नाव घालतात कोठे? काठावर. थाळीचा काठ तिरका असतो, आणि आरशाचा नियम असा की पृष्ठ जितके झुकवाल त्याच्या दुप्पट किरण वळतो. काठाचा उतार चाळीस अंशांचा असेल तर वरून आलेला किरण ऐंशी अंशांनी वळून जवळजवळ आडवा, जरासा वर चढत बाहेर पडतो. टेबलाच्या पलीकडे स्टुलावर बसलेल्या माणसाची नजर साधारण त्याच उंचीवर असते, आणि लहान मूल उभे असेल तर त्याचीही. काठाला गोलाई असल्यामुळे किरण एका बाजूने जास्त पसरतो आणि तेवढा सौम्य होतो, पण त्याचा भरवसा धरू नये. वाटीच्या आतल्या बाजूला तर उलटेच घडते. खोलगट पृष्ठ किरण पुन्हा गोळा करू शकते.

पहिली फेरी झाल्यावर जागा खडबडीत होते आणि किरण सगळीकडे विखुरतो. हा विखुरलेला उजेड पुष्कळ सौम्य असतो, दोन मीटरवर उभ्या असलेल्याला त्याची काळजी नाही. पण अक्षर नीट उमटते आहे का ते बघायला जो कारागीर तोंड फूटभर अंतरावर आणून दिवसभर बसतो, त्याच्यासाठी तोसुद्धा मर्यादेला जाऊन भिडतो.

इजा झाल्याची खूण लगेच कळेलच असे नाही. पडद्याला दुखण्याची जाणीव नसते. काहींना क्षणभर झगमग जाणवते, काहींना डोळ्यात ‘टप्’ असा आवाज झाल्यासारखा वाटतो, मग धूसर दिसू लागते किंवा मधोमध काळा ठिपका तरंगतो. तो ठिपका नजर फिरवली तरी नजरेबरोबरच फिरतो. एक सोपी तपासणी घरी करता येते. चौकटींच्या वहीचे पान हातभर अंतरावर धरावे, एक डोळा झाकावा, मधल्या बिंदूवर नजर ठेवावी. कोठे रेघ वाकडी दिसली, तुटली किंवा चौकटी गायब झाल्या तर त्या डोळ्याच्या पडद्यात काहीतरी बिघडले आहे. प्रत्येक डोळा वेगळा तपासला पाहिजे, कारण दोन्ही उघडे असले की धड डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो आणि माणसाला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला जाऊ नये. पडद्याच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जावे आणि लेझर कोणत्या तरंगलांबीचा, किती वॉटचा, किती अंतरावरून लागला हे लिहून न्यावे. जळालेला भाग पुन्हा पूर्ववत करणारे खात्रीचे औषध नाही. सूज ओसरल्यावर काही नजर परत येते, काही येत नाही.

डबा, चष्मा आणि दार

यावरचा सर्वांत चांगला उपाय माणसावर अवलंबून नसतो. मशीनभोवती पत्र्याचा बंद डबा, त्याला दार, आणि दार उघडले की किरण तत्काळ थांबवणारा स्विच. असे मशीन कारखान्यातून वर्ग १ म्हणून येते. आत तोच वीस वॉटचा लेझर असतो, पण बाहेर काही येत नाही, म्हणून चष्म्याची गरज नाही आणि गिऱ्हाईक शेजारी उभे राहिले तरी हरकत नाही. मात्र हा वर्ग डबा शाबूत असेपर्यंतच. कामाची घाई झाली की दाराच्या स्विचवर लोहचुंबक चिकटवून दार उघडेच ठेवण्याची चाल आम्ही पाहिली आहे. पट्टीवर तेव्हाही १ च छापलेला असतो, पण मशीन ४ झालेले असते. नवे घेताना दोन पैसे जास्त गेले तरी डब्याचे घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोठा हंडा किंवा परात डब्यात मावत नाही ही अडचण खरी आहे, पण त्या कामासाठी वेगळी व्यवस्था करता येते. रोजच्या थाळ्यांसाठी दार उघडे ठेवण्याचे ते निमित्त होऊ शकत नाही.

डब्याला खिडकी हवी असते, आणि गफलत येथेच होते. पुष्कळ ठिकाणी साधे पारदर्शक ॲक्रिलिक लावलेले दिसते. हे डोक्यात आले कोठून, तर लाकूड, कापड, चामडे कापणाऱ्या कार्बन डायऑक्साईड लेझरवरून. त्या मशीनचा किरण १०,६०० नॅनोमीटरचा असतो आणि साध्या ॲक्रिलिकमध्ये तो पूर्णपणे शोषला जातो. म्हणून तेथे ॲक्रिलिकचे झाकण योग्यच आहे. पण १०६४ चा किरण त्याच ॲक्रिलिकमधून काचेतून ऊन यावे तसा आरपार जातो. दोन मशीन शेजारी, दोन्हींची झाकणे दिसायला सारखी, आणि एक झाकण भिंत आहे तर दुसरे उघडी खिडकी. इजाही वेगवेगळी होते. कार्बन डायऑक्साईडचा किरण पडद्यापर्यंत पोचत नाही, तो पुढच्या पटलावरच अडतो आणि ते भाजते. डोळ्यात वाळू गेल्यासारखी असह्य आग होते. त्यामुळे निदान माणूस लगेच डॉक्टरकडे धावतो. चामड्याच्या कारखानदारांनी याच जागी एवढे लक्षात घ्यावे की पी.व्ही.सी.चे रेक्झीन या मशीनवर कापू नये. त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराईड असतो, तो छातीला आणि मशीनच्या लोखंडाला सारखाच खातो.

चष्म्याचेही तसेच. उघड्या मशीनवर काम करावेच लागले तर चष्म्यावर दोन गोष्टी छापलेल्या असल्या पाहिजेत: तरंगलांबी आणि ओ.डी.चा आकडा. ओ.डी. ५ म्हणजे लाखातला एकच भाग आत येणार, ६ म्हणजे दहा लाखांतला एक. वर केलेल्या हिशेबात हजार पट कमी करायचे होते, म्हणजे ओ.डी. ३ हा किमान. ठोक्यांचा मारा आणि अगदी जवळून सरळ किरण लागण्याची शक्यता धरून ५ किंवा ६ चा घ्यावा, आणि त्या आकड्याशेजारी १०६४ लिहिलेले असावे किंवा छापलेल्या पट्ट्यात १०६४ बसत असावे. मशीनसोबत कधी कधी नारिंगी रंगाचा चष्मा फुकट येतो. त्यावर १९० ते ५४० असे छापलेले असते. तो हिरव्या-निळ्या किरणासाठी आहे, १०६४ साठी त्याचा उपयोग शून्य. उन्हाचा गॉगल आणि वेल्डरची काळी काच यांवर लेझरचा आकडाच नसतो. त्या काचांनी पांढरा चकचकाट कमी होतो, कारागिराला बरे वाटते, आणि तो आणखी जवळ वाकतो.

उघड्या मशीनची खोली ही नियंत्रित जागा झाली पाहिजे. याचा अर्थ फार मोठा खर्च असा नाही. मशीन गल्ल्याच्या शेजारून उचलून आतल्या खोलीत न्यावे, किरण उसळला तर दाराकडे न जाता भिंतीकडे जाईल असे टेबल फिरवावे, भिंतीवर आरसा किंवा चकचकीत फरशी नसावी, काळसर मॅट रंग द्यावा. खिडकीवर पत्रा किंवा जाड न जळणारा पडदा. दाराबाहेर पिवळा त्रिकोण, वर्गाचा आकडा आणि काम चालू असताना पेटणारा लाल बल्ब. चष्मे दाराबाहेर टांगावेत, आत नव्हे, म्हणजे घालूनच आत जाता येईल. आत एकच माणूस. किल्ली त्याच्या खिशात, आणि तो जेवायला गेला तर किल्लीही त्याच्याबरोबर. खोली उजळ ठेवावी, अंधारात बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत घेते. हातात धरून वापरायची लेझर वेल्डिंगची मशीन अलीकडे आली आहेत. ती हजार-दोन हजार वॉटची असतात, म्हणजे वर सांगितलेल्या मशीनच्या पन्नास ते शंभर पट. त्यांना पडद्याने आडोसा केलेला कोपरा पुरत नाही, तेथे धातूची बंद खोलीच लागते, कारण कातडी आणि हाडापर्यंतचे मांसही त्यांच्यापुढे टिकत नाही.

दवाखान्यातला तोच किरण

हाच १०६४ चा किरण केस काढण्याच्या आणि गोंदण पुसण्याच्या दवाखान्यांत वापरतात. त्याच्या जोडीला ७५५ आणि ८०८-८१० चेही लेझर असतात. सगळे वर्ग ४, आणि सगळे पडद्यापर्यंत जाणारे. फरक एवढाच की तेथे किरण मुद्दाम माणसावरच सोडायचा असतो. तो केसाच्या मुळातल्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो आणि मूळ तापून मरते. पण तेच रंगद्रव्य कातडीतही आहे. सावळ्या कातडीवर ७५५ चा किरण वरच्याच थरात अडून फोड आणू शकतो, पुढे काळे-पांढरे डाग राहतात. १०६४ वरच्या थरात कमी अडतो आणि खोल जातो, म्हणून आपल्यासारख्या रंगाच्या लोकांसाठी तो अधिक सुरक्षित मानला जातो. मशीन कोणत्या तरंगलांबीचे आहे हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायलाच हवा, आणि उत्तर देता आले नाही तर उठून यावे.

दुसरी गोष्ट भुवयांची. डोळ्याच्या कडेला, हाडाच्या आतल्या बाजूला लेझर लावला तर पापणी मिटलेली असूनही किरण तिच्यातून आत जातो. बुबुळाच्या रंगीत पडद्यातही तेच रंगद्रव्य असते. तो भाजून बाहुली वाकडीतिकडी झाल्याच्या आणि डोळ्याच्या आत सूज आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. चेहऱ्यावर काम करताना पेशंटच्या डोळ्यांवर धातूचे बंद कप हवेत. कापसाचा बोळा किंवा हाताने डोळा झाकणे पुरत नाही.

दवाखान्याच्या खोलीत आरसा हमखास असतो, आणि तो काम चालू असताना झाकलेला पाहिजे. पेशंटच्या बांगड्या, चमक्या, घड्याळ उतरवून ठेवायचे ते चोरीच्या भीतीने नव्हे, त्यांवरून किरण उसळतो म्हणून. कातडी पुसायला वापरलेले स्पिरिट पूर्ण वाळेपर्यंत पेडलवर पाय ठेवायचा नाही, कारण ओले स्पिरिट पेटते. बरोबर आलेली आई किंवा बहीण खोलीत थांबणार असेल तर तिलाही त्याच आकड्याचा चष्मा. आणि पेडल एकच असावे. पंख्याचे किंवा खुर्चीचे दुसरे पेडल शेजारी असेल तर पाय चुकतो, म्हणून मशीन वापरात नसताना ते ‘स्टँडबाय’वर ठेवायचे.

ज्यांच्या दुकानात उघडे मशीन आजच चालू आहे, त्यांना एक चाचणी करता येईल. मशीन बंद करून किल्ली काढावी, थाळी काठाच्या उताराने नेहमीसारखी ठेवावी, आणि भिंगाच्या जागेवरून बारीक टॉर्च काठावर मारून उसळलेला कवडसा भिंतीवर कोठे पडतो ते पाहावे. थाळी हळूहळू फिरवत गेले की तो कवडसा भिंतीवरून फिरतो. तो जेथे जेथे जाईल तेथे खडूने खूण करत जावी, आणि खुणेच्या रेषेत कोणाचे स्टूल येते ते बघून त्याच दिवशी ते हलवावे.